मजकूर शून्य, मान्य मागण्या १४,६४१

२०२४ या वर्षात टेलिग्रामने भारतातील तपास यंत्रणांच्या १४,६४१ मागण्या मान्य केल्या आणि त्यापोटी २३,५३५ वापरकर्त्यांचे तपशील दिले. वर्ष ३६६ दिवसांचे होते, म्हणजे दिवसाला सरासरी ४० मागण्या. या सगळ्या व्यवहारात संदेशाचा एकही शब्द कंपनीने दिलेला नाही, असे तिचे जाहीर म्हणणे आहे. जे दिले गेले ते दोनच प्रकारचे होते: फोन क्रमांक आणि आयपी पत्ता.

वर्षाचा एकूण आकडा जेवढे सांगतो त्याहून अधिक त्याची तिमाही फोड सांगते. कंपनीचे प्रमुख पावेल दुरोव यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताचे पहिल्या तीन तिमाह्यांचे आकडे स्वतःच जाहीर केले होते: २,४६१, मग २,१५१ आणि मग २,३८०. म्हणजे दुसऱ्या तिमाहीत सुमारे साडेबारा टक्के घट आणि तिसरीत साडेदहा टक्के वाढ. तिन्हींची बेरीज ६,९९२ होते. ती वर्षाच्या एकूण आकड्यातून वजा केली की शेवटच्या तिमाहीच्या वाट्याला ७,६४९ मागण्या येतात. आधीच्या नऊ महिन्यांत जेवढ्या मागण्या मान्य झाल्या, त्यांपेक्षा जास्त या तीन महिन्यांत झाल्या. तिसऱ्या तिमाहीशी तुलना केली तर ही ३.२ पट वाढ आहे.

अमेरिकेच्या आकड्यांत हा बदल आणखी ठळक दिसतो. सप्टेंबर २०२४ अखेरपर्यंत टेलिग्रामने तिथल्या यंत्रणांच्या १४ मागण्या मान्य केल्या होत्या आणि त्यांत १०८ वापरकर्ते होते. वर्षअखेरच्या अहवालात मागण्या ९०० झाल्या आणि वापरकर्ते २,२५३. ९०० पैकी ८८६, म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक, शेवटच्या तिमाहीतल्या.

मधल्या काळात काय घडले याच्या तारखा उघड आहेत. २४ ऑगस्ट २०२४ रोजी दुरोव यांना पॅरिसजवळच्या ले बुर्जे विमानतळावर अटक झाली. २३ सप्टेंबरला कंपनीने आपल्या अटी बदलल्या. तोपर्यंत दहशतवादाच्या प्रकरणात न्यायालयाचा आदेश असेल तरच आयपी पत्ता आणि फोन क्रमांक देऊ, अशी भाषा होती. नव्या अटींत वैध कायदेशीर मागणी असेल तर इतर गुन्ह्यांतही देऊ, असे आले. दुरोव यांचे म्हणणे असे की प्रत्यक्ष व्यवहार फारसा बदललेला नाही, नियमांची भाषा सर्व देशांत एकसारखी केली इतकेच. अमेरिकेच्या १४ आणि ८८६ या आकड्यांकडे पाहून ते पटणे अवघड आहे. भारताच्या बाबतीत मात्र त्यात तथ्य आहे. अटक होण्याच्या आधीच्या दोन तिमाह्यांतही इथे दर तिमाहीला दोन हजारांहून अधिक मागण्या मान्य होत होत्या.

एका मागणीमागे किती वापरकर्ते, हे प्रमाणही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत पहिल्या नऊ महिन्यांत ते ७.७ होते, शेवटच्या तिमाहीत २.४ वर आले. भारतात वर्षभराचे प्रमाण १.६ आहे. प्रमाण मोठे असते तेव्हा एका गटावर चाललेला मोठा तपास असण्याची शक्यता जास्त. ते दीड-दोनवर येते तेव्हा मागणी हे ठाण्यातले रोजचे काम झालेले असते. भारतातले १.६ दुसऱ्या प्रकारात बसते.

आता मुख्य प्रश्न. एखाद्या संदेश कंपनीकडे देण्यासारखे असते तरी काय? एक म्हणजे मजकूर: लिहिलेले शब्द, पाठवलेला फोटो, बोललेला आवाज. दुसरा म्हणजे मजकुराभोवतीची नोंद: कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळा, कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या फोनवरून. या दुसऱ्या भागाला मेटाडेटा म्हणतात. सार्वजनिक वाद जवळपास सगळा पहिल्या भागावर होतो. वर दिलेल्या १४,६४१ मागण्या सगळ्या दुसऱ्या भागातल्या आहेत.

कोणती कंपनी काय देऊ शकते याचा सर्वांत उपयोगी तक्ता अमेरिकेच्या एफबीआयने स्वतःसाठी तयार केला होता. ७ जानेवारी २०२१ अशी त्यावर तारीख आहे. माहितीच्या अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली ‘प्रॉपर्टी ऑफ द पीपल’ या संस्थेने तो मिळवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो बाहेर आला. त्यात नऊ सेवा आहेत: आयमेसेज, लाइन, सिग्नल, टेलिग्राम, थ्रीमा, व्हायबर, वीचॅट, व्हॉट्सॲप आणि विकर. नऊपैकी सहांच्या पुढे मजकूर मिळत नाही असे लिहिले आहे आणि तिघांच्या पुढे मर्यादित मिळतो असे. पूर्ण मजकूर देणारी एकही सेवा त्या यादीत नाही.

मजकुराच्या रकान्यात नकार असलेल्या सहा सेवा मेटाडेटाच्या रकान्यात मात्र एकमेकींसारख्या नाहीत. सिग्नलपुढे दोनच गोष्टी आहेत: नोंदणीची तारीख-वेळ आणि शेवटच्या संपर्काची तारीख. व्हायबरपुढे नोंदणीचे तपशील आहेतच, शिवाय संदेशांचा इतिहास आहे: तारीख, वेळ, पाठवणारा क्रमांक आणि घेणारा क्रमांक. मजकुराच्या बाबतीत दोघी सारख्याच बंद, पण व्हायबरच्या नोंदीवरून एखाद्या माणसाचे सगळे संबंध मांडता येतात आणि सिग्नलच्या नोंदीवरून तो माणूस ॲप वापरतो एवढेच कळते. ‘आमचे संदेश एन्क्रिप्टेड आहेत’ ही जाहिरात दोघीही तितक्याच खरेपणाने करू शकतात.

सिग्नलचा दावा न्यायालयात तपासला गेलेला आहे. २०१६ च्या पूर्वार्धात व्हर्जिनियातील ग्रँड ज्युरीने दोन फोन क्रमांकांबाबत समन्स काढले. मागितलेल्या गोष्टींची यादी लांब होती: नाव, पत्ता, ईमेल, पैसे भरण्याची पद्धत, आयपी पत्त्यांचा इतिहास, कॉलच्या नोंदी, जोडलेली इतर खाती. दोनपैकी एकाच क्रमांकावर सिग्नलचे खाते होते. त्या खात्याबद्दल कंपनीने खाते उघडल्याची वेळ आणि सर्व्हरशी शेवटच्या संपर्काची तारीख एवढेच दिले. समन्सबरोबर गुप्ततेचा आदेशही होता; एसीएलयू या संघटनेने तो बराचसा उठवून घेतल्यावर ऑक्टोबर २०१६ मध्ये कागद प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातून असेच समन्स आले आणि उत्तरात पुन्हा तेच दोन प्रकारचे आकडे गेले.

अशा उत्तरातला आकडा कसा दिसतो? १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेनुसार, उलटलेले मिलिसेकंद. नमुन्यादाखल:

```
1451606400000
```

हजाराने भागून मोजले की ही १ जानेवारी २०१६ ची मध्यरात्र निघते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. हा माझा नमुना आहे, कोणाच्या खात्याचा नाही. पण यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खाते उघडल्याची नोंद वेळेसह असते, शेवटच्या संपर्काची फक्त दिवसापुरती. ती दिवसापुरती ठेवणे हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. तासा-मिनिटांची नोंद ठेवली असती तर एखाद्या घटनेच्या वेळी फोन जोडलेला होता का, हे त्यावरून ताडता आले असते. जी नोंद ठेवलीच नाही ती कोणत्याही आदेशाने मिळत नाही, आणि सिग्नलची सगळी भिस्त यावर आहे.

व्हॉट्सॲपकडे यापेक्षा खूप जास्त आहे. भारतापुरता विचार केला तर हीच सेवा सर्वांत महत्त्वाची. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवे आयटी नियम जाहीर करताना केंद्र सरकारने तिचे भारतातले वापरकर्ते ५३ कोटी सांगितले होते. एफबीआयच्या तक्त्यानुसार साध्या समन्सवर खात्याचे मूलभूत तपशील मिळतात. न्यायालयाचा आदेश आणला तर त्यात त्या माणसाने ब्लॉक केलेल्या लोकांसारखी माहिती जोडली जाते. झडतीचे वॉरंट असेल तर त्याच्या ॲड्रेस बुकमधले संपर्क, आणि शिवाय ज्यांच्या ॲड्रेस बुकमध्ये त्याचा क्रमांक आहे असे व्हॉट्सॲपचे वापरकर्ते.

ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी अशी आहे. समजा एखाद्या माणसाच्या फोनमध्ये १२० क्रमांक आहेत आणि ४०० लोकांच्या फोनमध्ये त्याचा क्रमांक आहे. वॉरंटच्या उत्तरात दुसरी यादीही जाईल. त्या ४०० जणांत त्याने कधीच संदेश न पाठवलेले लोक असतील, जुना घरमालक असेल, गॅसवाला असेल. आपला क्रमांक दुसऱ्यांकडे असणे आपल्या हातात नसते, आणि त्यावरून आपण कोणाच्या यादीत निघू हेही नसते.

तरीही हे सगळे स्थिर तपशील झाले. कोणी कोणाला केव्हा संदेश पाठवला याची मागची नोंद आपण सर्वसाधारणपणे ठेवत नाही, असे व्हॉट्सॲपचे म्हणणे आहे. पोहोचलेला संदेश सर्व्हरवरून काढला जातो. न पोहोचलेला कुलूपबंद स्वरूपात जास्तीत जास्त ३० दिवस राहतो. म्हणून गेल्या वर्षीचा संवाद-तक्ता मागितला तर देण्यासारखे फार काही नसते. पुढचा तक्ता मात्र तयार करता येतो. अमेरिकी कायद्यात ‘पेन रजिस्टर’ नावाचा आदेश आहे. तो लागू झाला की त्या क्षणापासून त्या खात्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक संदेशाचा उगम आणि गंतव्य नोंदवून तपास यंत्रणेकडे पाठवावे लागते. मजकूर त्यात येत नाही. एफबीआयच्या तक्त्यानुसार व्हॉट्सॲप ही माहिती दर १५ मिनिटांनी पाठवते. नऊ सेवांत इतक्या वेगाने माहिती देणारी दुसरी सेवा त्या तक्त्यात नाही.

या नोंदीचे वजन किती, हे २०१८ च्या एका प्रकरणात दिसते. अमेरिकेच्या अर्थखात्यातील फिनसेन या आर्थिक गुन्हेविरोधी विभागातल्या एका वरिष्ठ सल्लागार महिलेवर गोपनीय बँक-अहवाल एका पत्रकाराला पुरवल्याचा संशय होता. तिच्या फोनवर पेन रजिस्टरचा आदेश घेतला गेला. आदेश अमलात आल्यावर साधारण सहा तासांच्या आत, १ ऑगस्ट २०१८ च्या मध्यरात्रीनंतर, १२ वाजून ३३ मिनिटे ते १२ वाजून ५४ मिनिटे या वेळात तिच्या आणि पत्रकाराच्या फोनमध्ये एका एन्क्रिप्टेड ॲपवरून सुमारे ७० संदेशांची देवाणघेवाण झाली. आदल्याच दिवशी त्या पत्रकाराची बातमी प्रसिद्ध झालेली होती.

सुमारे वीस मिनिटांत ७० संदेश, म्हणजे मिनिटाला तीनाहून अधिक. यातला एकही शब्द तपास अधिकाऱ्यांना त्या नोंदीतून दिसला नाही. पण अधिकारी आणि पत्रकार यांची ओळखच नाही, किंवा कामापुरता एखादा फोन झाला असेल, असे म्हणण्याची जागा त्या नोंदीने ठेवली नाही. मजकूर नंतर आला, आणि तोही कंपनीकडून नव्हे. अटकेच्या वेळी तिच्याजवळ एक फ्लॅश ड्राइव्ह आणि फोन सापडला. फोनमध्ये ते संवाद होते. २०२१ मध्ये तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. अशा तपासात मेटाडेटावरून कुठे झडती घ्यायची ते ठरते आणि मजकूर झडतीत हाती येतो.

मुंबईकरांनी या साखळीचे शेवटचे टोक २०२० मध्ये रोज संध्याकाळी टीव्हीवर पाहिले. अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोच्या तपासात चित्रपट कलाकारांचे जुने व्हॉट्सॲप चॅट पडद्यावर झळकत होते आणि प्रश्न विचारला जात होता की मग एन्क्रिप्शन कुठे गेले. व्हॉट्सॲपने तेव्हा सांगितले की मजकूर आपल्याला दिसत नाही. ते खरे होते, आणि चॅट बाहेर आले हेही खरे होते. एन्क्रिप्शन वाटेपुरते असते. दोन्ही टोकांना फोनमध्ये संदेश उघडाच असतो, कारण तो वाचायचा असतो. जप्त केलेल्या फोनची प्रत काढली की मजकूर मिळतो. आपण आपल्या फोनमधले पुसले तरी समोरच्याच्या फोनमध्ये ते असते.

फोनखेरीज मजकुराचा दुसरा साठा बॅकअपमध्ये असतो. ऑक्टोबर २०२१ पर्यंत व्हॉट्सॲपचा क्लाउडवरचा बॅकअप व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या कुलपाखाली नव्हता. अँड्रॉइड फोनचा तो गूगल ड्राइव्हवर जायचा, आयफोनचा आयक्लाउडवर. तेव्हा मागणी संदेश कंपनीकडे न जाता साठवणाऱ्या कंपनीकडे जाऊ शकत होती. एफबीआयच्या तक्त्यात व्हॉट्सॲप आणि आयमेसेज या दोघांपुढे मजकुरासाठी ‘मर्यादित’ असे लिहिण्याचे मोठे कारण हेच आहे. आयमेसेजच्या पुढे तर स्पष्ट नोंद आहे की आयक्लाउड बॅकअप वापरात असेल तर त्याबरोबर कुलपाच्या किल्ल्याही मिळायला हव्यात. ऑक्टोबर २०२१ पासून व्हॉट्सॲपने बॅकअपलाही एन्क्रिप्शन देऊ केले, पासवर्डने किंवा ६४ अंकी किल्लीने. ॲपलने तशी सोय डिसेंबर २०२२ मध्ये आणली. दोन्ही सोयी वापरकर्त्याने स्वतः सुरू कराव्या लागतील अशाच आल्या. आणि एका बाजूने सुरू केल्याने भागत नाही. संवादातल्या दुसऱ्या माणसाचा बॅकअप उघडा असेल तर त्या संवादाची अख्खी प्रत तिथे आहे.

मजकुराच्या रकान्यातला तिसरा ‘मर्यादित’ लाइनचा. वॉरंट असेल आणि एन्क्रिप्शन लागू नसेल तर ठरावीक वापरकर्त्यांचे जास्तीत जास्त सात दिवसांचे लिखित संवाद. फोटो, व्हिडिओ, आवाज नाही. एवढ्यावरच हा रकाना संपतो.

तक्त्यातली सर्वांत मोठी विसंगती टेलिग्रामची आहे. त्याचे नेहमीचे चॅट आणि सगळे ग्रुप कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि त्यांच्या किल्ल्याही कंपनीच्याच हाती असतात, वेगवेगळ्या देशांत विभागून ठेवलेल्या. चॅटमध्ये टोकापासून टोकापर्यंतचे एन्क्रिप्शन फक्त ‘सिक्रेट चॅट’ला, तेही दोघांपुरते आणि मुद्दाम सुरू केले तर. म्हणजे व्हॉट्सॲपला मजकूर देता येत नाही. टेलिग्रामला देता येईल, पण आपण देत नाही असे ती म्हणते. २०२१ च्या तक्त्यात टेलिग्रामपुढे मजकूर नाही असेच लिहिले होते, आणि खात्री झालेल्या दहशतवादी तपासातच आयपी पत्ता व फोन क्रमांक मिळू शकतो, अशी टीप होती. तीनच वर्षांत तो दुसरा भाग कालबाह्य झाला, हे वरच्या ९०० या आकड्यातून दिसतेच. पहिला भाग अजून टिकून आहे. एकीकडे गणिताची हमी आहे आणि दुसरीकडे कंपनीच्या धोरणाची, एवढा दोन नकारांत फरक आहे.

भारतीय न्यायालयासमोर टेलिग्रामचे धोरण २०२२ मध्येच नमले होते. शिकवणीच्या साहित्याच्या चोरट्या प्रती चॅनेलवर विकल्या जात असल्याच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी चॅनेल चालवणाऱ्यांचे तपशील देण्याचा आदेश दिला. आपला डेटा सिंगापूरमध्ये आहे आणि तिथला कायदा आड येतो, हा कंपनीचा युक्तिवाद टिकला नाही. ॲडमिनची नावे, फोन क्रमांक आणि आयपी पत्ते बंद पाकिटातून न्यायालयात सादर झाले. दावा कॉपीराइटचा होता. म्हणजे भारतात हा दरवाजा उघडायला दहशतवादाचे प्रकरण लागलेले नव्हते.

फोन क्रमांक आणि आयपी पत्ता मिळाला म्हणजे माणूस सापडला, असे मात्र नाही. क्रमांक बनावट कागदांवर घेतलेल्या सिमचा असू शकतो. आयपी पत्त्याची अडचण अधिक तांत्रिक आहे आणि इथेच तपास चुकतात. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, पत्ते अपुरे असल्यामुळे मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांना एकाच वेळी वाटून देतात. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात. समजा प्रत्येक ग्राहकाला हजार पोर्टचा गट दिला, तर एका पत्त्यामागे एकाच क्षणी ६५ च्या आसपास ग्राहक बसतात. गट लहान असेल तर शेकडो. संदेश कंपनीने पत्ता दिला पण पोर्ट क्रमांक दिला नाही, तर दूरसंचार कंपनी एका नावाऐवजी यादी देते.

वेळेची चूक त्याहून सोपी आणि त्याहून घातक. समजा संदेश कंपनीच्या उत्तरात ही ओळ आहे:

```
2024-11-03 18:50:12 UTC
```

ही भारतातली ४ नोव्हेंबरची रात्र आहे, १२ वाजून २० मिनिटे १२ सेकंद. पत्र तयार करताना साडेपाच तास मिळवायचे राहिले तर दूरसंचार कंपनीकडे ३ नोव्हेंबर संध्याकाळी ६.५० चा ग्राहक विचारला जाईल. कंपनी प्रामाणिकपणे उत्तर देईल. तो पत्ता तेव्हा ज्याच्याकडे होता त्याचे नाव येईल, आणि तो माणूस वेगळाच असेल. चूक पकडण्याची एक खूण आहे: त्याच खात्याच्या तीन-चार वेगवेगळ्या वेळांच्या नोंदी स्वतंत्रपणे विचाराव्यात. सगळ्यांचे उत्तर एकाच ग्राहकाकडे येत असेल तर वेळ बरोबर लावलेली आहे. प्रत्येक वेळी नवा ग्राहक निघत असेल तर आधी घड्याळ तपासावे.

दूरसंचार कंपन्यांच्या या नोंदी किती काळ ठेवायच्या, हे भारतात परवान्यातच ठरलेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ती मुदत एका वर्षावरून किमान दोन वर्षांवर गेली. यात कॉलची नोंद, म्हणजे पोलिसांच्या रोजच्या बोलण्यातला सीडीआर येतो, आणि इंटरनेट वापराची नोंद, म्हणजे आयपीडीआर. आयपीडीआरमध्ये फोन कुठल्या पत्त्याशी, कुठल्या पोर्टवर, केव्हापासून केव्हापर्यंत जोडलेला होता आणि किती डेटा गेला-आला हे असते. व्हॉट्सॲपच्या साध्या संदेशात पलीकडचा पत्ता व्हॉट्सॲपच्या सर्व्हरचा असतो, त्यामुळे कोणाशी बोलणे झाले ते त्यातून कळत नाही. पण दोघांमधला व्हॉइस कॉल चांगल्या आवाजासाठी बऱ्याचदा थेट एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जोडला जातो. तेव्हा आयपीडीआरमध्ये समोरच्याचा पत्ता उतरतो. संदेश कंपनीकडे पत्र न पाठवताही कॉलचे दुसरे टोक सापडू शकते ते असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने कॉलमध्ये आयपी पत्ता लपवण्याची सोय दिली. ती सुरू केली की कॉल सर्व्हरमार्गे फिरवला जातो. ग्रुप कॉल आधीपासूनच सर्व्हरमार्गे जातात.

म्हणजे सिग्नल ज्या नोंदी ठेवतच नाही, त्यांतली काही माहिती तिच्याच वापरकर्त्याच्या मोबाइल कंपनीकडे दोन वर्षे पडून असते: हा फोन अमुक दिवशी अमुक वेळी सिग्नलच्या सर्व्हरशी बोलत होता. एफबीआयच्या तक्त्यात हा रकाना नाही, कारण तो तक्ता संदेश कंपन्यांपुरता आहे.

भारत सरकारला मेटाडेटातली आणखी एक गोष्ट हवी आहे आणि ती आज कोणाकडेच नाही. फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांतील नियम ४(२) सांगतो की ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेश सेवेने एखाद्या संदेशाचा ‘पहिला प्रेषक’ ओळखून देता आला पाहिजे. त्यासाठी न्यायालयाचा किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागेल. गुन्हा नियमात सांगितलेल्या गंभीर वर्गातला असायला हवा. मूळ प्रेषक परदेशात असेल तर भारतातला पहिला तो पहिला धरला जाईल. संदेशाचा मजकूर सांगण्याची सक्ती नाही, असे नियमातच लिहिले आहे.

कागदावर ही मेटाडेटाची मागणी आहे. पण अमुक संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला हे सांगायचे तर दोन संदेश एकच आहेत हे आधी ओळखता आले पाहिजे. ते ओळखायला प्रत्येक संदेशाची काहीतरी कायमची खूण हवी, आणि ती मजकुरावरूनच काढावी लागेल. एक स्वल्पविराम बदलला तर खूण बदलते आणि नवा ‘पहिला प्रेषक’ तयार होतो. कोणता संदेश पुढे तपासात येईल हे आधी ठाऊक नसते. त्यामुळे ५३ कोटी लोकांच्या प्रत्येक संदेशाची खूण आणि प्रेषक जपून ठेवावा लागेल, मुदतीविना. संशयिताची नोंद आदेश आल्यावर सुरू होते, हे पेन रजिस्टरचे तत्त्व इथे उलटे होते.

व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये या नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ च्या सुनावणीत तिच्या वकिलांनी सांगितले की एन्क्रिप्शन मोडायला लावले तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल. वृत्तपत्रांनी ते वाक्य मथळ्यात घेतले. त्याच सुनावणीत त्यांनी हेही सांगितले होते की या नियमासाठी लाखो-करोडो संदेश वर्षानुवर्षे साठवून ठेवावे लागतील आणि अशी अट जगात दुसरीकडे कुठेही नाही.